ऑपरेशनच्या बातमीला दोन ओळींचे उत्तर

घरातल्या कुणाचे ऑपरेशन ठरल्याचा निरोप आला, की त्याला उत्तर म्हणून जाणारा सदिच्छेचा संदेश दोन-तीन ओळींचा असतो. तो वाचणारा माणूस बहुतेक वेळा रुग्ण नसतो. रुग्ण थिएटरच्या आत असतो, गुंगीत असतो किंवा चष्मा आणि मोबाइल घरच्यांच्या ताब्यात देऊन खाटेवर पडून असतो. संदेश वाचतो तो बाहेरच्या बाकावर बसलेला मुलगा, सून, पत्नी किंवा भाऊ. त्याच्या खिशात औषधांच्या चिठ्ठ्या असतात, कान "अमुक यांचे नातेवाईक कोण?" या हाकेकडे लागलेले असतात आणि मधल्या वेळात आलेले वीस-पंचवीस संदेश तो अंगठ्याने वर सरकवत असतो. बरेचसे सारखेच असतात: लवकर बरे व्हा, काळजी घ्या, सगळं छान होईल. त्यांत चुकीचे काही नाही. तरी एखाद्या संदेशाने खरोखर धीर येतो, बाकीचे नुसते मोजले जातात आणि एखादा खटकतो. हा फरक कशाने पडतो, ते बायपाससारखे एक नेमके ऑपरेशन समोर ठेवले तर नीट दिसते.

समजा, सांगलीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, वय 68. मुलगा पुण्यात नोकरीला. जिना चढताना छातीत दाटून येऊ लागले म्हणून तपासण्या झाल्या आणि अँजिओग्राफीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. मुलाने आदल्या रात्री ओळखीच्यांना कळवले: "बाबांचं उद्या सकाळी आठ वाजता बायपास आहे. तीन ब्लॉक आहेत. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही, पण टेन्शन आहेच. सर्वांचे आशीर्वाद असू द्या." उत्तर देणाऱ्याला लागणारे जवळजवळ सगळे या निरोपातच आहे. वेळ आहे, ऑपरेशनचे नाव आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे, आणि ‘टेन्शन आहेच’ ही कबुलीही आहे. न वाचता दिलेले उत्तर ओळखू येते ते याच शब्दावरून: "टेन्शन घेऊ नकोस रे, काही होत नाही." मुलाने नुकतेच जे सांगितले, ते त्याला परत केल्यासारखे हे होते.

बायपासबद्दल असे सहज बोलले जाते, कारण हे ऑपरेशन आता ओळखीचे झाले आहे. पायातली शीर काढून हृदयाच्या अडलेल्या धमनीला वळणरस्ता देण्याची पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने 1967 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे रूढ केली. आज महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या शहरांतही बायपास होतात आणि प्रत्येक कुटुंबात एखादे काका ‘बायपास झालेले’ असतात. पण ऑपरेशन ओळखीचे झाले म्हणून लहान झालेले नाही. छातीचे मधले हाड उभे कापून उघडले जाते. छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी आणि पायातली शीर वापरून नवे मार्ग जोडतात. काही वेळा हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर घेतात, काही वेळा धडधडत्या हृदयावरच काम होते. शेवटी हाड पोलादी तारांनी बांधून छाती बंद करतात. सगळे मिळून चार-पाच तास सहज जातात. आधीपासून ठरवून केलेल्या बायपासमध्ये रुग्ण दगावण्याचे प्रमाण साधारणतः शंभरात एक ते तीन असते. वय, मधुमेह, मूत्रपिंडांची अवस्था, हृदयाची ताकद यांप्रमाणे ते कमी-जास्त होते.

संदेशाचा सूर या आकड्यातच सापडतो. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जण घरी जातात, म्हणून आशा बाळगायला भरपूर जागा आहे. उरलेले दोन-तीन आहेत, म्हणून "काही होत नाही" हे वाक्य खोटे आहे. मुलाने संमतीपत्रावर सही केलेली असते. त्या कागदावर काय काय होऊ शकते याची यादी त्याने वाचलेली असते, निदान सही करताना ती त्याच्या डोळ्यांखालून गेलेली असते. अशा वेळी बाहेरचा माणूस जेव्हा "आता बायपास म्हणजे काय, दाढ काढल्यासारखं झालंय" असे लिहितो, तेव्हा त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी मुलाची भीती हास्यास्पद ठरते. याच्याच जोडीचे वाक्य म्हणजे "माझ्या मामांचं झालं, पंधराव्या दिवशी स्कूटर चालवत होते." यात धीर कमी आणि धोका जास्त. छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने जातात आणि निदान पहिले सहा आठवडे वाहन चालवू नका असे डॉक्टर सर्रास सांगतात. ते मामा खरेच स्कूटरवर बसले असतील, तर त्यांचे नशीब चांगले म्हणायचे.

दुसऱ्या टोकाला जाणारे संदेशही असतात आणि ते जास्त खटकतात. "ईश्वर तुम्हा सर्वांना हे सहन करण्याची शक्ती देवो" हे वाक्य लिहिणाऱ्याने सांत्वनाच्या साठ्यातून उचललेले असते. मराठीत ‘सहन करण्याची शक्ती’ ही शब्दयोजना माणूस गेल्यावर वापरण्याची इतकी सवय झाली आहे, की ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती वाचताना पोटात गोळा येतो. ‘शांती लाभो’ याचेही तसेच. ‘त्यांना विश्रांती मिळो’ हे डॉक्टरी सल्ल्याच्या दृष्टीने बरोबर असले तरी कानाला ‘चिरविश्रांती’ ऐकू येते, म्हणून ‘पुरेशी विश्रांती घेऊ द्या’ असे आज्ञार्थी वळण बरे. शब्द न लिहिता नुसते जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठवण्याची पद्धत आहे. नमस्कार, आभार, प्रार्थना आणि श्रद्धांजली या चारही ठिकाणी तेच एक चिन्ह चालत असल्याने इथे ते एकटे सोडू नये. सोबत चार शब्द असले, की त्याचा अर्थ प्रार्थना असाच लागतो.

व्याकरणाचा भाग छोटा आहे, पण बहुतेक अवघडलेपण तिथूनच येते. ‘लवकर बरे व्हा’ हे समोरच्याला उद्देशून केलेले आज्ञार्थी वाक्य आहे. ते रुग्णाला म्हणायचे. मुलाला उत्तर देताना तेच लिहिले, तर ‘बरे व्हा’ कुणी, असा प्रश्न पडतो. ठीक आहे, वाचणारा समजून घेतो. पण मराठीकडे याच कामासाठी वेगळे रूप तयार आहे: होवो, पडो, येवो, मिळो, लाभो. व्याकरणात हीदेखील आज्ञार्थाचीच रूपे धरतात, कारण आज्ञेबरोबर प्रार्थना, आशीर्वाद आणि इच्छाही आज्ञार्थानेच सांगितली जाते. ‘देव भले करो’ यातला ‘करो’ कुणालाच हुकूम सोडत नाही. हजर नसलेल्या माणसासाठी काही मागायचे असेल, तेव्हा हे रूप नेमके बसते: "सरांचं ऑपरेशन सुखरूप पार पडो." आदरार्थी अनेकवचन आले, की क्रियापदाला ‘त’ लागतो: "काका लवकर बरे होवोत", "काकू लवकर बऱ्या होवोत." आईसाठी मात्र एकवचन जवळचे वाटते: "आई लवकर बरी होवो." हे वाक्य मुलाच्या सख्ख्या मित्राने लिहिले तर गोड लागते. ऑफिसातल्या नव्या सहकाऱ्याने लिहिले, तर थोडे सलगीचे होते. त्याने ‘तुमच्या आईंना’ लिहावे.

रुग्णाला काय म्हणायचे, यावरही बरेच ठरते. मित्राच्या वडिलांना मराठीत ‘काका’ म्हणतात, काही घरांत ‘बाबा’च म्हणतात. ज्याने त्यांच्या हातचा खडू आणि छडी दोन्ही पाहिली आहे, तो ‘सर’ म्हणतो. ‘तुझे वडील’ हे शब्द बिनचूक असले तरी त्यांत अंतर आहे. ज्या नावाने माणसाला प्रत्यक्ष हाक मारली जाते, तेच संदेशात यावे. सांगलीच्या त्या शिक्षकांचा एखादा जुना विद्यार्थी लिहील: "सरांचं ऑपरेशन सुखरूप पार पडो. आठवीला गणित शिकवताना ‘पायरी गाळू नका’ म्हणायचे, ते अजून कानात आहे. उद्या आठ वाजल्यापासून मनाने तुमच्याबरोबर आहे." या तीन वाक्यांत आजारपणाविषयी एकही दावा नाही. तरी मुलाला ते वाचून बरे वाटते, कारण त्यात उद्याच्या टेबलावरचा रुग्ण नाही, त्याचे वडील आहेत. आठवण एका ओळीची असावी आणि चालू काळाशी जोडलेली असावी. ती लांबली आणि सगळी क्रियापदे भूतकाळात गेली, की मृत्युलेखाचा सूर लागायला वेळ लागत नाही: "सर किती प्रेमळ होते, केवढं शिकवायचे." ‘शिकवायचे’ चालते, कारण ते निवृत्त आहेत. ‘होते’ चालत नाही.

मुलाने आशीर्वाद मागितले आहेत. मराठी रीतीत आशीर्वाद मोठ्यांनी द्यायचा असतो. सरांचे थोरले भाऊ, मावशी, जुने मुख्याध्यापक ‘माझे आशीर्वाद आहेत’ असे लिहू शकतात. पंचवीस वर्षांच्या मुलाने अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आशीर्वाद दिला, तर ते विनोदी होते. त्याने ‘प्रार्थना करतो’ म्हणावे. प्रार्थनेवर विश्वास नसेल, तर ‘मनापासून सदिच्छा’ म्हणावे. ‘शुभेच्छा’ या शब्दाचा घोळ वेगळाच आहे. अर्थाने तो बरोबर आहे. पण वाढदिवस, परीक्षा, निवडणूक आणि दिवाळी या चौघांनी तो इतका वापरला आहे, की ‘ऑपरेशनसाठी हार्दिक शुभेच्छा’ म्हटल्यावर हार-तुरे दिसू लागतात. ‘सदिच्छा’ त्यापेक्षा शांत आहे. देवाचे नाव घ्यायचे की नाही, हे निरोप देणाऱ्याच्या शब्दांवरून ठरवावे. त्याने पांडुरंगाचे नाव घेतले असेल तर पांडुरंग, दुआ मागितली असेल तर दुआ. त्याने काहीच म्हटले नसेल, तर ‘सुखरूप पार पडो’ एवढ्यात सगळे येते आणि कुणाच्याच श्रद्धेला धक्का लागत नाही.

‘सुखरूप’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. तो प्रवासाला निघालेल्या माणसासाठी वापरतात, बाळंतपणासाठी वापरतात. दोन्हींत धोका मान्य केलेला असतो आणि पलीकडे पोहोचण्याची आशाही असते. ‘पार पडणे’ यातही तेच आहे. ‘मस्त होईल’, ‘एकदम छान होईल’ हे शब्द सहलीचे आहेत. ‘यशस्वी होवो’ हे वर्तमानपत्री आहे, तरी चालते.

ऑपरेशनच्या दिवशी संदेशांची गरज कमी असते. चार-पाच तास काहीच कळत नाही आणि दर अर्ध्या तासाला "काही कळलं का?" असे विचारणाऱ्याला उत्तर देणे हे आणखी एक काम होऊन बसते. दुपारी केव्हातरी सर्जन बाहेर येऊन सांगतात की ऑपरेशन व्यवस्थित झाले. मुलगा तेवढे कळवतो. इथे एक चूक अगदी ठरलेली आहे: "अभिनंदन! आता काही काळजी नाही." सर्जनने सांगितलेला अर्थ मर्यादित असतो. जोडायचे ते जोडले गेले, रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवले. तेव्हा रुग्ण अजून शुद्धीवर नसतो, श्वास यंत्राने चाललेला असतो, छातीतून नळ्या बाहेर आलेल्या असतात. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी, श्वासाची नळी काढतात. छातीतल्या नळ्या एक-दोन दिवसांनी निघतात. म्हणून ऑपरेशन झाल्याच्या बातमीवर योग्य उत्तर एका पायरीपुरते असते: "मोठा टप्पा पार पडला, ऐकून जीव भांड्यात पडला. आता सर लवकर शुद्धीवर येऊन तुमच्याशी बोलोत." यातली आशा मोठी नाही, पण ती आज-उद्या पुरी होण्यासारखी आहे. उद्या मुलगा आत जाऊन भेटेल, वडील नळी काढल्यामुळे घोगऱ्या आवाजात पाणी मागतील आणि तो संदेश खरा ठरलेला असेल.

आशेला अशी जवळची पायरी देणे, हेच या लेखनातले मुख्य कौशल्य आहे. त्यासाठी बरे होण्याचा क्रम ढोबळमानाने माहीत असावा लागतो. बायपासमध्ये तो असा जातो. एक-दोन दिवस, क्वचित तीन, अतिदक्षता विभागात. मग वॉर्डात. तिथे तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे उपकरण हाती देतात. नळीतून श्वास आत ओढून त्यातल्या रंगीत गोळ्या वर उचलायच्या, म्हणजे फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होत नाही. खोकताना छातीला उशी घट्ट धरायची, कारण हाड नुकतेच बांधलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधाराने चार पावले. गुंतागुंत नसेल, तर साधारण पाच ते सात दिवसांत घरी. पुढे सहा ते आठ आठवडे जड उचलायचे नाही. भरलेली बादली नाही, पिठाचा डबा नाही, नातवंड तर नाहीच. हाड पूर्ण सांधायला दोन-तीन महिने. हे माहीत असलेला शेजारी वॉर्डातल्या दिवसांत लिहील: "गोळ्या किती वर जातायत? दोन आल्या की तिसरीही येईल." हा संदेश हलका आहे, पण हेळसांड करणारा नाही. विनोद रुग्णाच्या आजच्या कामावर आहे, त्याच्या आजारावर नाही. शिवाय तो ऑपरेशननंतर, वडील बोलू लागल्यावर आला आहे. हाच सूर आदल्या रात्री चालला नसता.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी येऊ शकते. बायपासनंतर चार-पाचांतल्या एखाद्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके काही काळ अनियमित होतात, आणि तेही बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, म्हणजे सगळे सुरळीत चालले आहे असे वाटू लागल्यावर. बहुतेकांचे औषधांनी आटोक्यात येते. वयस्कर रुग्णांना रात्री भ्रम होतो. मुलाला ओळखत नाहीत, सलाइन उपसायला बघतात. घरच्यांसाठी हा ऑपरेशनपेक्षा मोठा धक्का असतो. मुलगा लिहितो: "बाबांना परत आयसीयूत नेलंय. ठोके अनियमित झालेत. डॉक्टर म्हणतात औषध सुरू केलंय, लक्ष ठेवून आहेत." इथे डॉक्टर नसलेल्या माणसाने "हे कॉमन असतं, होतं असं" असे लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. माहिती खरी असली, तरी या रुग्णाबाबत ती लागू आहे का, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. आणि "अरे देवा! आता कसं होणार?" हेही नको. ते लिहिणाऱ्याची धांदल मुलाच्या गळ्यात मारते.

अशा वेळी आशा मुलाच्याच शब्दांतून घ्यावी. त्याने स्वतः जेवढा धीर धरला आहे, त्याच्या पुढे एक पाऊलही जाऊ नये, पण मागेही येऊ नये. डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, असे त्याने म्हटले आहे. तर उत्तर: "वाचलं. डॉक्टरांचं लक्ष आहे आणि औषध लगेच सुरू झालंय, हे बरं झालं. औषधाला लवकर गुण येवो. आज रात्री तुझ्याबरोबर कुणी आहे का? नसेल तर मी दहापर्यंत येऊन बसतो." ‘वाचलं’ या एका शब्दाने संदेश पोहोचल्याचे कळते. ‘गुण येवो’ यात औषधाला काम करू देण्याची इच्छा आहे, निकालाची खात्री नाही. शेवटचे वाक्य मदतीचे आहे आणि त्यात वेळ आहे. "काही लागलं तर सांग" हे वाक्य मनापासून लिहिलेले असले, तरी काय लागेल ते शोधण्याचे आणि मागण्याचे काम पुन्हा मुलावरच टाकते. दहापर्यंत येऊन बसतो, उद्या दुपारचा डबा आणतो, कमी मिठाचा करू का, तुझ्या आईला स्टँडवरून घेऊन येतो: यांना ‘हो’ किंवा ‘नको’ एवढेच उत्तर पुरते. जे खरोखर करता येणार आहे, तेच लिहावे. सांगलीतून पुण्याला ‘येऊन बसतो’ म्हणणाऱ्याने गाडी पकडण्याची तयारी ठेवावी.

मराठीत बरे होण्याला अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘बरे होणे’ म्हणजे आजार पूर्ण जाणे. ‘गुण येणे’ म्हणजे उपचार लागू पडणे. ‘आराम पडणे’ म्हणजे त्रास कमी होणे. ‘उतार पडणे’ बहुधा तापाचा. ‘खडखडीत’ आणि ‘ठणठणीत’ हे विशेषण ज्या माणसाने ऐकवावे असा आवाज असतो त्याच्या तोंडी शोभते, म्हणजे आजोबांच्या किंवा आत्याच्या. बायपाससाठी ‘बरे होवोत’ योग्य आहे, कारण बहुतेक जण खरोखर पूर्वीसारखे चालू-फिरू लागतात. पण सगळीच ऑपरेशने बरे करण्यासाठी नसतात. कधी गाठीचा तुकडा तपासायला काढतात, कधी पसरलेल्या आजारात फक्त गिळता यावे किंवा वेदना कमी व्हाव्यात म्हणून शस्त्रक्रिया करतात. तिथे ‘लवकर बरे होवोत’ हे घरच्यांना न ऐकू आल्यासारखे वाटते. त्यांना जे माहीत आहे, ते लिहिणाऱ्याला माहीत नाही, एवढेच त्यातून कळते. तिथे ‘आराम पडो’ हा शब्द कामाला येतो. तो कमी मागतो, आणि जे मागतो ते मिळण्यासारखे असते. निरोपात ऑपरेशन कशासाठी आहे हे लिहिलेले नसेल, तर चौकशी न करता हाच शब्द वापरणे सुरक्षित. पूर्वीच्या पोस्टकार्डांवर ‘प्रकृतीस आराम पडल्याचे कळवावे’ असे लिहीत. तेव्हाही आजाराचे नाव बहुतेक वेळा कार्डावर नसे, कारण कार्ड पोस्टमनसकट कुणीही वाचू शकत असे.

घरी आल्यानंतरचे आठवडे संदेशांच्या दृष्टीने रिकामे जातात. सगळ्यांनी पहिल्या दोन दिवसांत लिहिलेले असते. सरांची मात्र या काळात भूक गेलेली असते, कुशीवर झोपता येत नाही म्हणून रात्र रात्र डोळा लागत नाही, शीर काढलेला पाय संध्याकाळी सुजतो आणि कारण नसताना डोळ्यांत पाणी येते. बायपासनंतर काही आठवडे मन खचल्यासारखे होणे नेहमीचे आहे आणि घरच्यांना ते न सांगितल्यामुळे ते धास्तावतात. या दिवसांत आलेला ‘लवकर बरे व्हा’ उलटा बोचू शकतो, कारण सरांना स्वतःलाच वाटत असते की फार वेळ लागतोय. ‘लवकर’ काढून टाकून क्रम सांगणारा शब्द घालावा: "रोज थोडं थोडं चालणं वाढतंय ना? गेल्या आठवड्यात गेटपर्यंत, आता कोपऱ्यापर्यंत. बेस्ट." हा संदेश थेट सरांना पाठवता येतो. आता मोबाइल त्यांच्या हातात परत आलेला असतो आणि ‘व्हा’, ‘घ्या’, ‘करा’ ही रूपे पहिल्यांदा योग्य माणसाला लागतात. लसूण, अर्जुनाची साल, कुणाच्या तरी वैद्याचा काढा हे सल्ले मात्र या काळातही पाठवू नयेत. रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात आणि डॉक्टरांना न विचारता त्यांत काही मिसळणे धोक्याचे असते.

उत्तराची अपेक्षा संदेशातच सोडून द्यावी. "उत्तर द्यायची घाई नाही" हे चार शब्द शेवटी असले, की मुलाच्या यादीतून एक काम कमी होते. जुन्या पत्रांत ‘उलटटपाली कळवावे’ असे आग्रहाने लिहीत, कारण पत्र जायला-यायला आठवडा लागे आणि मधल्या काळात काहीच कळत नसे. आता दोन निळ्या खुणांनी वाचल्याचे कळते. तेवढी पोच पुरे. मुलगा केव्हातरी रात्री अकराला, वडील झोपल्यावर, सगळ्यांना मिळून एकच ओळ टाकतो: "बाबांनी आज मऊ भात खाल्ला." त्याखाली पुन्हा पंचवीस संदेश येतात. सांगलीचा तो जुना विद्यार्थी लिहितो, "भाताबरोबर काय होतं?" मुलगा उत्तर देतो, "मेतकूट. मीठ कमी, म्हणून कुरकुर चालू आहे."